क्लोरीन ‘तोट्यात’ दिसतंय? संयुक्त खर्च वाटताना या चुका टाळा

मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की एकाच सेलमधून तीन गोष्टी बाहेर पडतात. १००० टन कॉस्टिक सोडा तयार झाला की सुमारे ८८६ टन क्लोरीन आणि २५ टन हायड्रोजन निघणारच. हे प्रमाण रसायनशास्त्राने ठरवून दिलेलं आहे, ते मॅनेजरच्या हातात नाही. तरीही दर महिन्याला कुणीतरी कॉस्टशीट पुढे करून विचारतं, ‘क्लोरीन तोट्यात आहे, कमी करायचं का?’ माझी बरीच नोकरी या एका प्रश्नाला उत्तर देण्यात गेली, म्हणून आता सगळं एकदाच लिहून ठेवतोय.

आधी हिशोबाला सोपे असे आकडे घेऊ. महिन्याला वरच्या प्रमाणात उत्पादन आहे. सेलपर्यंतचा खर्च, म्हणजे मीठ, मिठाच्या पाण्याची शुद्धी, वीज आणि सेलची देखभाल, २८६ लाख. तिन्ही मालांसाठी एकत्रच होणारा हा खर्च म्हणजे संयुक्त खर्च. हायड्रोजन १० लाखांना विकला जातो, तो दाबून भरायला ४ लाख लागतात. निव्वळ ६ लाख हाती येतात. हायड्रोजन इथे बायप्रॉडक्ट, म्हणजे मुख्य मालाबरोबर आपोआप निघणारा किरकोळ किमतीचा माल, त्यामुळे हे ६ लाख संयुक्त खर्चातून वजा करायचे. उरलेले २८० लाख कॉस्टिक आणि क्लोरीनमध्ये वाटायचे.

वजनावर वाटणी: सगळ्यात महागात पडणारी चूक

नव्या माणसाला वजन आवडतं, कारण ते वजनकाट्यावरून आयतं मिळतं. एकूण १८८६ टन, त्यात कॉस्टिक १०००. म्हणून कॉस्टिककडे १४८.५ लाख आणि क्लोरीनकडे १३१.५ लाख. आता सेलपाशी दोघांची किंमत बघा: कॉस्टिक ३०० लाख, क्लोरीन ५० लाख. कागदावर कॉस्टिकला १५१.५ लाख नफा आणि क्लोरीनला ८१.५ लाख तोटा.

मी ज्या कारखान्यात होतो, तिथे अशीच शीट तयार झाली. मी तेव्हा खात्यात नवीन होतो आणि ती शीट मीच टाइप केली होती. क्लोरीनचा ‘उत्पादन खर्च’ टनाला १४,८०० च्या वर दिसत होता, विक्रीचा भाव त्याच्या निम्माच. महिन्याला २०० टन उचलणारा एक जुना ग्राहक कराराच्या नूतनीकरणाला आला, तेव्हा विक्री विभागाने शीट समोर ठेवून सांगितलं, भाव दुप्पट करा नाहीतर माल बंद. ग्राहक उठून गेला. सगळ्यांना वाटलं, तोटा वाचला.

क्लोरीन विषारी, दाबाखाली साठवावा लागतो आणि टाक्या मोजक्याच. काही दिवसांत टाक्या भरत आल्या आणि प्लँटचा लोड खाली आणावा लागला. २०० टन क्लोरीन थांबला, म्हणजे त्याच्याबरोबर सुमारे २२६ टन कॉस्टिकही थांबलं. वरच्याच आकड्यांत मांडायचं तर क्लोरीनचे ११ लाख आणि कॉस्टिकचे ६८ लाख, असे ७९ लाख गेले. संयुक्त खर्चातले वीज आणि मीठ मिळून १६८ लाख धरले, तर लोड उतरवल्यामुळे त्यातले ३८ लाख वाचले. बाकीचा खर्च जागेवरच होता. म्हणजे ‘तोट्यातला’ माल बंद करून महिन्याला ४१ लाखांचा खड्डा पडला. कॉस्टिकचे ग्राहक माल का येत नाही म्हणून फोन करत होते आणि मी शीटमधली बेरीज तपासत होतो. बेरीज बरोबरच होती.

वजनाची वाटणी तेव्हाच चालते, जेव्हा सगळ्या मालांचा टनाचा भाव जवळपास सारखा असतो. नाहीतर स्वस्त माल उगाच बदनाम होतो. मी विक्रीमूल्यावर वाटतो. ३०० आणि ५० या प्रमाणात २८० लाख वाटले की कॉस्टिककडे २४० आणि क्लोरीनकडे ४०. नफा ६० आणि १०. एकूण ७० लाख, आणि वजनावर वाटलं तरी एकूण ७० लाखच होते. वाटणी बदलून पैसा बदलत नाही, फक्त तो कुठल्या रकान्यात दिसतो ते बदलतं.

पण इथेही फसू नका. दोन्हींचा नफा २० टक्के आलाय, कारण ही पद्धत तसा तो आणतेच. ‘क्लोरीनही २० टक्के कमावतो’ हा निष्कर्ष नाही. आणि भावावरून काढलेल्या खर्चाच्या आधारे परत भाव ठरवणं म्हणजे गोल गोल फिरणं आहे. ही वाटणी शेवटी शिल्लक राहिलेल्या साठ्याची किंमत लावायला हवी असते, तिथेच ती वापरा.

स्प्लिट-ऑफ चुकीच्या जागी धरणं

स्प्लिट-ऑफ म्हणजे माल एकमेकांपासून वेगळे होतात ती जागा, इथे सेल. वरचे ३०० आणि ५० लाख बाजारातून थेट आलेले नाहीत. सेलमधून कॉस्टिक साधारण ३२ टक्क्यांचं निघतं, ते आटवून ५० टक्क्यांवर नेतात. क्लोरीन गरम आणि ओला निघतो. तो थंड करून, सल्फ्युरिक ॲसिडने कोरडा करून, दाबून द्रव करतात. अंतिम विक्री कॉस्टिकची ३२५ लाख, आटवायला २५ लाख. क्लोरीनची ६५ लाख, सुकवून द्रव करायला १५ लाख. वजाबाकी केली की सेलपाशी ३०० आणि ५० राहतात.

आटवायची वाफ आणि क्लोरीनचा कॉम्प्रेसर संयुक्त खर्चात ढकलणारे मी खूप पाहिले. मीटर एकच आहे, वेगळं कोण काढणार, हे कारण असतं. वेगळा मीटर बसवा. तोवर लॉगबुकमधल्या चालू तासांवरून वाटा. घाईत सगळं एकत्र टाकलं, तर कॉस्टिकची वाफ क्लोरीनच्या माथी बसते. आणि टन मोजताना कॉस्टिक शंभर टक्के धरूनच मोजा, द्रावणातलं पाणी मोजू नका.

‘पुढे प्रक्रिया करू का?’ याला वाटलेला खर्च लावणं

१०० टन क्लोरीनचं हायड्रोक्लोरिक ॲसिड करायचा प्रस्ताव आला. ॲसिडची विक्री ९ लाख, जास्तीचा खर्च २ लाख. क्लोरीन हायड्रोजनमध्ये जाळायला जवळपास तीन टन हायड्रोजन लागतो, जो विकला असता तर निव्वळ ०.७ लाख मिळाले असते. राहिले ६.३ लाख. तोच क्लोरीन द्रव करून विकला तर निव्वळ ५.६ लाख. ॲसिड करा, संपलं.

वजनावर वाटलेला १४.८ लाख खर्च यात घातला की प्रस्ताव ‘तोट्यात’ जातो. विक्रीमूल्यावरचा ४.५ लाख घातला की ॲसिडचा फायदा फक्त १.८ लाख वाटतो. दोन्ही आकड्यांचा इथे काही संबंध नाही, कारण सेलपर्यंतचा खर्च ॲसिड केलं तरी होणार आणि नाही केलं तरी होणार. सोडून दिलेल्या हायड्रोजनची किंमत मात्र लोक हमखास विसरतात.

बाकी थोडक्यात

बायप्रॉडक्टवर संयुक्त खर्च वाटू नका. हायड्रोजन आपल्याच बॉयलरमध्ये जाळला, तर वाचलेल्या इंधनाची किंमत वजा करा, शून्य नको. आणि बायप्रॉडक्ट हा शिक्का कायमचा नसतो. हायड्रोजनला चांगला ग्राहक मिळून त्याची रक्कम वाढली, तर तो संयुक्त उत्पादनांच्या यादीत आणा.

माझ्या मासिक शीटमध्ये आता प्रत्येक मालाच्या रकान्यात फक्त विक्री वजा सेलनंतरचा खर्च असतो, आणि संयुक्त खर्च खाली एका ओळीत, न वाटता. वाटणी साठ्याच्या कागदावर, वेगळ्या फाइलमध्ये. ती फाइल मी विक्री विभागाला पाठवत नाही.