लग्नपत्रिका अरबीत करताना या चुका टाळा

उन्हाळ्यात लग्नाचा मोसम आला की माझ्याकडे पत्रिकांचे फोटो येऊ लागतात. मुलगा कुवेत, दुबई किंवा रियाधला कामाला, लग्न कोल्हापुरात, आणि रजेच्या अर्जासोबत पत्रिकेचं अरबी भाषांतर हवं असतं. कधी साहेबांनाच आमंत्रण द्यायचं असतं. ही दोन कामं एक समजणं ही पहिली चूक. रजेसाठीच्या भाषांतरात पत्रिकेतला शब्दन् शब्द यायला हवा, अगदी कुलदैवतासकट. आमंत्रणात मात्र अरबी पत्रिकेची रीत सांभाळून तोच मान, तेच अगत्य पोचवायचं असतं. म्हणून फोटो उघडण्याआधी विचारून घ्या, हे कोणाच्या हातात जाणार आहे.

फोटोबद्दल थोडक्यात. सोनेरी अक्षरांवर फ्लॅश पडला की अनुस्वार आणि मात्रा उडतात. फ्लॅश बंद करून खिडकीजवळच्या उजेडात पुन्हा फोटो मागवा. खरा धोका आकड्यांत आहे. आपला १ अरबी नऊसारखा दिसतो, आणि अरबीतला पाच म्हणजे आपल्या शून्यासारखा बंद गोल. त्यांचं शून्य म्हणजे नुसतं टिंब. त्यामुळे पत्रिकेवरचे ‘दि. १०’ अरबी वाचणाऱ्याला पंच्याण्णव वाटू शकतात. आकडे बघून उतरवू नका. तोंडानं ‘दहा’ म्हणा आणि मग अरबीत लिहा. महिन्याचं नाव अक्षरात द्या. आखाती देशांत मे महिन्याला ‘मायू’ म्हणतात, इराक-सीरियाकडे ‘अय्यार’.

आता एक नेहमीची पत्रिका घेऊ. वर ‘॥ श्री गणेशाय नमः ॥’, खाली ‘श्री महालक्ष्मी प्रसन्न’, ‘श्री जोतिबा प्रसन्न’, मग ‘आमचे येथे श्री कृपेकरून आमचे ज्येष्ठ चिरंजीव चि. अमुक यांचा शुभविवाह चि. सौ. कां. अमुक हिच्याशी करण्याचे योजिले आहे’.

सगळ्यात जास्त होणारी चूक पहिल्याच ओळीत होते. गणेशाय नमःच्या जागी ‘बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम’ ठेवून दिलं जातं, कारण अरबी पत्रिका तशीच सुरू होते. सोबत कुराणातली लग्नपत्रिकांवर नेहमी दिसणारी आयत (सूरह रूम, २१) जोडली जाते. हेतू चांगला असतो, पण वाचणाऱ्याला हे कुटुंब मुसलमान आहे असं वाटतं, आणि खालची नावं वाचून तो गोंधळतो. शिवाय हे पवित्र वचन असलेला कागद इकडेतिकडे पडू नये म्हणून ती माणसं जपतात. असं वचन केवळ शोभेसाठी घालणं त्यांच्याही श्रद्धेला धरून नाही. रजेच्या भाषांतरात मी गणेशाचं नाव अरबी अक्षरांत लिहून ‘अत्तहिय्या लिल-इलाह गणेश’, म्हणजे गणेश देवाला वंदन, असं देतो. आमंत्रणात ही ओळ मूळ देवनागरीतच वर राहू देतो आणि अरबी मजकूर त्याखाली सुरू करतो.

‘श्री कृपेकरून’चं तसं नाही. तिथे कोणा एका देवाचं नाव नाही, ईश्वराची कृपा आहे. त्याला ‘बिफज़लिल्लाह’ अगदी बरोबर बसतं. अल्लाह हा अरबीत ईश्वरासाठीचा शब्द आहे, अरब ख्रिश्चनही तोच वापरतात. त्यानं घराचा धर्म बदलत नाही.

दुसरी मोठी चूक मानाच्या संक्षेपांची. सुरुवातीच्या काळात मी एका पत्रिकेत ‘गं. भा.’ पाहिलं, त्याचं गंगा भागीरथी केलं आणि अरबीत तसंच लिहून टाकलं. वाचणाऱ्यानं आजीचं नाव गंगा धरलं. पासपोर्टवर वेगळंच नाव, त्यामुळे अर्ज परत आला. त्या माउलीचं नाव माझ्या हातून चुकलं याचं मला आजही वाईट वाटतं. अरबी पत्रिकेत विधवेला वेगळी पदवी नसते. ‘अस्सय्यिदा’, म्हणजे श्रीमती, आणि पुढे तिचं नाव, एवढंच लिहावं. ‘अरमला’, म्हणजे विधवा, असं मंगल पत्रिकेवर लिहू नये.

‘कै.’चं ‘अल-मरहूम’ करतात. अरब ख्रिश्चनही तो शब्द वापरतात, पण मुसलमानेतर माणसासाठी तो काहींना खटकतो. ‘अल-मग़फूर लहू’ तर इस्लामी दुआच आहे. ‘अर्राहिल’, म्हणजे दिवंगत, हा शब्द सगळीकडे चालतो आणि त्यात आदरही आहे. ‘ह. भ. प.’साठी ‘शेख’ लिहू नका, तिथे पुन्हा धर्म बदलतो. रजेच्या कागदावर कंसात ‘वारकरी कीर्तनकार’ असा अर्थ अरबीत द्या.

‘चि.’ला अरबीत पदवी नाही, पण त्यातला गोडवा नात्याच्या शब्दात येतो. ‘इब्न’ आणि ‘बिंत’ हे रोजचे शब्द. पत्रिकेत मुलगा ‘नज्ल’ होतो आणि मुलगी ‘करीमा’. ‘चि. सौ. कां.’साठी नावाआधी ‘अल-आनिसा’, म्हणजे कुमारी, लावावं. आखातातल्या कित्येक पत्रिकांत वधूचं नाव छापत नाहीत, फक्त ‘अमुक यांची करीमा’ म्हणतात. आपण ते आपणहून गाळू नये, घरच्यांना विचारावं. आणि आई-वडील दोघं बोलावत असतील तर ‘त्यांचा’ हे द्विवचनात येतं. ते विसरलं की अरबाला लगेच कळतं. तयार वाक्य असं होतं: ‘यतशर्रफु अस्सय्यिद अमुक पाटील व हरमुहू बिदअवतिकुम लिहुदूरि हफ्लि ज़फाफि नज्लिहिमा अल-अकबर’. म्हणजे श्री. व सौ. पाटील आपल्या ज्येष्ठ चिरंजीवाच्या विवाहसोहळ्यास आपणांस बोलावण्याचा मान घेत आहेत. इथे ‘निकाह’ शब्द नको. उर्दूत तो शोभतो, अरबीत तो धर्मशास्त्राचा शब्द आहे आणि बोलीत कानाला खटकतो.

‘वधूवरांस शुभाशीर्वाद द्यावेत’ हे शब्दशः केलं तर पाहुण्यांकडून धर्मगुरूसारखी ‘बरकत’ मागितल्यासारखं होतं. अरबी पत्रिका पाहुण्याला आनंदात सामील व्हायला बोलावते: ‘व-बिहुदूरिकुम यक्तमिलु फरहुना’, आपल्या येण्यानं आमचा आनंद पुरा होईल. ‘आहेर आणू नये’साठी ‘नअतज़िरु अन कबूलिल-हदाया’, भेटी स्वीकारता येणार नाहीत याबद्दल क्षमस्व. तिथल्या नमुन्यातून ‘जन्नतुल-अत्फाल मनाज़िलुहुम’ ही ओळ उचलू नका. मुलांचा स्वर्ग म्हणजे त्यांचं घर, अर्थात मुलांना आणू नका, असा तिचा अर्थ आहे. आपल्या पत्रिकेत खाली ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ लिहिलेलं असतं, तिथे ही ओळ आली तर ‘सहकुटुंब सहपरिवार’ सगळंच फिरतं.

नावांचं शेवटी. अरबीत प, च, ट, ळ नाहीत. पाटील ‘बातील’ होतो, कोल्हापूर ‘कूल्हाबूर’. ग तर देशागणिक वेगळ्या अक्षरानं लिहितात, त्यामुळे गायकवाडांची तीन-चार रूपं होऊ शकतात. स्वतः ठरवू नका. मुलाच्या तिथल्या निवासी ओळखपत्रावर त्याचं नाव अरबीत छापलेलं असतं. त्याचा फोटो मागवा आणि आडनाव त्यावरूनच अक्षर न् अक्षर घ्या, वडिलांच्या नावातही तेच.

छापखान्यात मजकूर दिल्यावर पहिला नमुना स्वतः बघा. शाहूपुरीत काय आणि राजारामपुरीत काय, अरबी नीट न मांडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर चिकटवला की अक्षरं सुटी होतात आणि ओळ उलटी लागते. मुलाच्या ओळखपत्राचा फोटो बाजूला धरून पाटील हा शब्द शोधा. तो उजवीकडून सुरू होत असेल आणि त्यातली अक्षरं फोटोतल्यासारखीच एकमेकांना जोडलेली असतील, तर छापायला हरकत नाही.