पर्णरंध्रे पाहायला रिओचं पान

साताऱ्यात आमच्या प्रयोगशाळेबाहेर कुंडीत रिओचं झाड आहे. पर्णरंध्रं, म्हणजे पानावरची बारीक छिद्रं, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला मी त्याचंच पान घेते. खालची बाजू जांभळी असल्याने रंगद्रव्य लागत नाही. जांभळ्या पेशींत रंध्राभोवतीच्या हिरव्या रक्षक पेशी उठून दिसतात.

उन्हातलं ताजं पान तिरकं फाडा. कडेला सुटलेला जांभळा पापुद्रा कापून लगेच पाण्याच्या थेंबात ठेवा, वाळला तर गुंडाळतो. कव्हरस्लिप सुईने तिरकी टेकवत हळू सोडा. काळ्या कडेचे गोल दिसले तर ते हवेचे बुडबुडे. हिरवा थर चिकटलेला भाग सोडून पातळ कड शोधा.

आकृतीत एकच रंध्र मोठं, शेजारच्या पेशींसह काढा. रक्षक पेशींची रंध्राकडची भिंत जाड, रेघ अखंड, छटा नको. रंध्र मिटलेलं दिसलं तर मिटलेलंच काढा.