दमट हवेत धावल्यावर डोकं ठणकायचं, ते असं थांबलं

जुलैत पाऊस उघडला की गंगापूर रोडवर घाम वाळतच नाही. नेहमीच्या वेगातही छाती धडधडायची, घरी आल्यावर डोकं ठणकायचं. पहाटे निघालो (तेव्हा तर दमटपणा जास्तच), भरपूर पाणी ढोसलं, नुसता वैताग.

मग लघवी करून, कपडे काढून वजन केलं. तासभर धावलो, अंग पुसून पुन्हा वजन. १.२ किलो घट, वाटेत प्यायलेलं ०.३ लिटर, म्हणजे घाम दीड लिटर. आता दर २० मिनिटांनी २०० मिली ओआरएस घेतो. वजन वाढलं तर पाणी जास्त झालं, ते धोक्याचं. वेग सलग बोलता येईल इतकाच. सुतीऐवजी जाळीदार पॉलिएस्टर. चक्कर किंवा काटा आला तर थांबून अंगावर पाणी ओततो. बोलणं बरळल्यासारखं झालं तर थेट दवाखाना.