एईडीची पेटी कुठे टांगायची, ते पावलांनी ठरवा

मिरकरवाड्याच्या बाजूला मासळी प्रक्रियेचा कारखाना आहे असं धरा. एईडी, म्हणजे हृदयाचे ठोके तपासून गरज असल्यास विजेचा शॉक देणारं यंत्र, मॅनेजरच्या केबिनमध्ये, तेही कुलपात. माणूस कोसळतो बर्फघराच्या टोकाला. जायला दोन मिनिटं, यायला दोन, पॅड लावून यंत्राने तपासायला आणखी एक. म्हणजे पहिला शॉक पाचव्या मिनिटाला, तोही किल्ली लगेच सापडली तर! हृदय थांबल्यावर सीपीआर, म्हणजे छाती दाबून रक्त फिरतं ठेवण्याचा उपचार, मिळाला नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. म्हणून पेटी मधल्या पॅसेजमध्ये, कुलपाशिवाय ठेवा. जाऊन-येऊन तीन मिनिटांच्या आत बसतंय का, ते ऐन कामाच्या वेळी चालून बघा.

माणूस हाकेला ओ देत नाही आणि नीट श्वास घेत नाही, हृदय थांबलंय असं समजायला एवढं पुरे. अधूनमधून आचके येत असतील तर तो श्वास नव्हे. तिथेच बरेच जण फसतात. एकाने १०८ ला फोन लावायचा, दुसऱ्याने पेटीकडे पळायचं, तिसऱ्याने छातीच्या मध्यभागी ५ ते ६ सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० दाब द्यायचे.

आपल्याकडे घाम आणि खारं पाणी ही खरी अडचण. ओल्या छातीवर पॅड चिकटत नाही. साचलेल्या पाण्यातून माणसाला बाजूला ओढा, छाती कोरडी पुसा. पेटीत टॉवेल आणि कात्री हवीच. पॅड लावतानाही दाब चालू ठेवा. यंत्र सांगेल तेव्हाच हात काढा आणि शॉक बसताच नाडी न शोधता पुन्हा दाब सुरू करा.