बाथरूमची गळती: कंत्राटदाराला लिहिलेलं कोणतं पत्र चाललं

नव्या घराचा ताबा मिळून तीन आठवड्यांत बाथरूमबाहेरच्या भिंतीला ओल आली. कंत्राटदाराला फोन केले, फटींत व्हाइट सिमेंटही भरून झालं. "तुमच्या वापरामुळे" हे त्याचं उत्तर ऐकून डोकं फिरलं.

मग आधी चाचणी केली. सगळे नळ बंद करून तासभर मीटर पाहिला, काटा हलला नाही. म्हणजे नळांना पाणी आणणारी दाबाची पाइप बहुधा ठीक. नंतर पाणी जाण्याच्या जाळीखालचं तोंड घट्ट बुजवून जमिनीवर दोन बोटं पाणी साठवलं, भिंतीवर पेन्सिलची रेघ मारली. चोवीस तासांत पाणी रेघेखाली बोटभर उतरलं, ओलही पसरली. म्हणजे पाणी बहुधा फरशीखालच्या वॉटरप्रूफिंगमधून झिरपत होतं.

पत्रात ताब्याची तारीख, रेघेचे दोन फोटो आणि तीनच मागण्या: वॉटरप्रूफिंग पुन्हा करा, फरशी बसवण्याआधी हीच चाचणी माझ्यासमोर घ्या, सात दिवसांत लेखी कळवा. पत्र पोचपावतीसह दिलं. पाचव्या दिवशी माणसं आली.