अ‍ॅनिमे चेहऱ्याचं वर्णन लिहायचंय? आधी उजेड ठरवा

‘अ‍ॅनिमे स्टाईल मुलगी, मोठे डोळे, लांब केस, लूक एकदम क्यूट.’ फोंड्याला बसून मी लोकांसाठी कॅरेक्टर काढतो, आणि चारातले तीन मेसेज असेच येतात. या ओळीतून दहा चित्रकार दहा वेगळ्या मुली काढतील आणि एकाचंही चुकलं असं म्हणता येणार नाही. मग ‘अशी नको होती’ सुरू होतं. त्यावर नेटवर मिळणारा सल्ला म्हणजे ‘भरपूर डिटेल द्या’. हा सल्ला मानून लोक कानातल्या झुमक्यांवर चार ओळी लिहितात आणि ऊन कुठून येतंय ते लिहीतच नाहीत.

डोळे, केस, सावली, रेघ या क्रमाने वर्णन लिहायचं असं सगळीकडे सांगतात. मी उलट सांगतो. पहिली ओळ उजेडाची लिहा. डोळ्यातला ठिपका, केसांवरची चकाकी, गळ्याखालची सावली, रेघ कुठे जाड होणार, हे सगळं तिच्यावर अवलंबून असतं.

उदाहरण एकच घेऊ आणि शेवटपर्यंत तेच धरू. सतरा वर्षांची मुलगी, रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीच्या कठड्याशी उभी, मार्चमधले दुपारचे चार. आपण उत्तरेकडे, चोडणच्या खारफुटीकडे बघतोय. म्हणजे चित्राच्या डाव्या हाताला पश्चिम आली. ऊन डावीकडून, वरून आणि थोडं आपल्या पाठीमागून येतंय. दुपारचा वाराही समुद्रावरून, म्हणजे डावीकडूनच. तिचा चेहरा तीन-चतुर्थांश डावीकडे वळलेला. जागा आणि वेळ नक्की केली की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात ते असे.

डावं-उजवं लिहिताना कायम ‘चित्राच्या डावीकडे’ असंच लिहा. ‘तिच्या डाव्या गालावर’ लिहिलंत की अर्धे चित्रकार उलट्या गालावर तीळ काढतात.

डोळे

‘मोठे’ हा शब्द खोडा. अ‍ॅनिमेत डोळे मोठेच असतात. बाहेरचा कोपरा आतल्या कोपऱ्यापेक्षा वर आहे की खाली, ते लिहा. वर असेल तर जपानी लोक त्याला त्सुरिमे म्हणतात, चेहरा तिखट दिसतो. खाली असेल तर तारेमे, चेहरा मवाळ. दुसरी गोष्ट, वरची पापणी बुबुळाचा किती भाग झाकते. काहीच झाकलं नाही तर मुलगी दचकलेली दिसते, अर्धं झाकलं तर कंटाळलेली. आपल्या मुलीला उन्हाकडे बघायचंय, म्हणून वरचा तिसरा हिस्सा झाकलेला. बुबुळ वर गडद, खाली फिकट. चकाकीचा मोठा ठिपका दोन्ही डोळ्यांत डावीकडे वर. हे मुद्दाम लिहायचं, कारण एक डोळा काढून तोच आरशासारखा उलटवून दुसरीकडे चिकटवण्याची सवय पुष्कळांना असते, आणि मग एका डोळ्यातला ठिपका उजवीकडे जातो. बघणाऱ्याला काय खटकतंय ते कळत नाही, पण नजर तिरळी वाटते.

केस

लांबी शेवटी सांगा. आधी भांग कुठे, मग बटा तिथून निघून कुठल्या दिशेला जातात, मग टोकं कुठे संपतात. आणि वारा असेल तर काय हलतं आणि काय हलत नाही. आपल्या मुलीची घट्ट वेणी चित्राच्या उजवीकडच्या खांद्यावरून पुढे आलीय, मुळाशी अबोलीची फांती माळलेली. वेणी जड, ती हलणार नाही. फक्त शेवटचं बोटभर टोक उजवीकडे वळेल. उडणार त्या कानशिलावरच्या सुट्या बटा. ‘केस वाऱ्यावर उडतायत’ एवढंच लिहिलंत तर वेणीसुद्धा दोरीसारखी आडवी उडवून देतात. कपाळावर दोन बटा ठेवा: एक कपाळाला चिकटलेली, दुसरी वाऱ्याने उचललेली. या दोघींचं काम पुढे आहे.

सावली

इथेच गाडी अडते. मलाही सगळ्यात जास्त वेळ याच टप्प्याला लागला, आणि आजही वर्णनाचा निम्मा भाग मी सावलीवरच खर्च करतो.

सेल शेडिंग म्हणजे काय ते आधी पक्कं करा. पूर्वी अ‍ॅनिमेशनमध्ये पारदर्शक सेल्युलॉइडच्या पत्र्यावर पुढून रेघ असायची आणि मागून रंग भरायचे. प्रत्येक फ्रेममध्ये एका रंगातून दुसऱ्यात हळूहळू विरत जाणारी छटा भरणं परवडणारं नव्हतं. म्हणून एक सपाट रंग, त्याला लागून सावलीचा दुसरा सपाट रंग, मध्ये स्वच्छ कड. ती कड पेन्सिलीनेच रंगीत रेघ मारून आखून द्यायचे आणि रंग भरणारा तेवढंच भरायचा. म्हणजे सावली हा काळोख नव्हे, तो एक आकार आहे. आकार असल्यामुळे त्याचं वर्णन आकारासारखंच करायचं: कुठून सुरू, कड कुठून जाते, कुठे संपते.

‘सॉफ्ट सेल शेडिंग’ असं लिहून पाठवणाऱ्यांनी आधी एकच काय ते ठरवावं. गालावरच्या लालीसारखी एखादी जागा विरलेली चालते, पण ती सोडून बाकी सगळीकडे कड धारदार हवी, असं स्पष्ट लिहा.

आता आपल्या मुलीवर बघू. ऊन डावीकडून वरून, म्हणजे प्रत्येक सावली उजवीकडे आणि खाली पडणार. चिकटलेल्या बटेची सावली तिला लागूनच, जेमतेम रेघभर. उचललेल्या बटेची सावली मात्र बटेपासून सुटून, मध्ये कपाळाची उजळ पट्टी ठेवून पडेल. बट कातडीपासून किती वर आहे ते त्या फटीवरून कळतं. वारा दाखवायला केस आणखी उडवायची गरज नाही, ती फट रुंद करा. हे एक वाक्य वर्णनात असलं की जाणता चित्रकार समजून जातो की समोरच्याला काय हवं ते ठाऊक आहे.

नाकाची सावली उजवीकडे छोटा त्रिकोण. डोळ्याच्या पांढऱ्यावर वरच्या पापणीखाली बारीक, जांभळट पट्टी. ही राहिली तर डोळे चेहऱ्यावर चिकटवल्यासारखे दिसतात. हनुवटीखाली मोठी सावली, तिची कड जबड्याला समांतर वळत गळ्यावरून जाते. दुसरी, आणखी गडद छटा फक्त इथे आणि वेणीच्या मागे. बाकी कुठेही नको. आणि गालावर सावली नको, हे नकारार्थी वाक्य लिहाच. गालाच्या हाडाखाली सावलीची फाक टाकली की सतरा वर्षांची मुलगी पस्तिशीची दिसते.

रंगाबद्दल एक चुकीचा सल्ला सर्रास फिरतो: मूळ रंगात काळा मिसळा, सावली तयार. त्वचा मळकट दिसते याने. सावली गडद तर हवीच, पण तिचा रंगही लालसर, जांभळट बाजूला सरकायला हवा. आपल्या गव्हाळ मुलीसाठी मी मूळ रंग `#D9A066` आणि सावली `#B0704F` धरतो. मळकट सावली आणि ही, दोन्ही शेजारी ठेवून बघा.

आपल्याकडच्या कॅरेक्टरची खरी अडचण काळे केस. मूळ रंगच शुद्ध काळा दिला तर सावलीला जागाच उरत नाही, डोकं म्हणजे एक भोक दिसतं. म्हणून वर्णनात लिहा: केसांचा मूळ रंग गडद, जांभळट-तपकिरी, सावली जवळजवळ काळी, आणि आकार चकाकीने उघडायचा. चकाकीची पट्टी डोक्याच्या गोलाईबरोबर वळलेली, कड दातेरी, भांगापाशी तुटलेली, आणि डावीकडे रुंद. अबोलीचा केशरी रंग या गडदपणावर इतका उठून दिसतो की फुलांवर वेगळी चकाकी देऊ नका म्हणून सांगावं लागतं.

रेघ

‘क्लीन लाइन’ म्हणजे सगळीकडे सारखी जाडी नव्हे. तीन जाड्या सांगा: बाहेरची कड तीन भाग, आतल्या बटा आणि कपडे दोन भाग, नाक-ओठ एक भाग. वरची पापणी या हिशोबाबाहेर, ती सगळ्यात जाड. दोन रेघा मिळतात तिथे, आणि हनुवटीखाली सावलीच्या बाजूला, रेघ किंचित भरते. बटांची टोकं निमुळती होत संपतात. सावलीच्या कडेला काळी रेघ नको, तिथे रंगच रंगाला भिडतो.

आता सगळं एकत्र. मी पाठवतो तो मजकूर साधारण असा असतो:

‘ऊन चित्राच्या डावीकडून, वरून, दुपारचे चार. वारा डावीकडून. चेहरा तीन-चतुर्थांश डावीकडे. डोळ्यांचे बाहेरचे कोपरे किंचित वर, वरची पापणी बुबुळाचा तिसरा हिस्सा झाकते, ठिपका दोन्ही डोळ्यांत डावीकडे वर. मधोमध भांग, घट्ट वेणी चित्राच्या उजवीकडच्या खांद्यावरून पुढे, मुळाशी अबोलीची फांती. फक्त कानशिलाच्या बटा उजवीकडे उडतात. कपाळावर दोन बटा, एक चिकटलेली, एक उचललेली, तिची सावली सुटून. सावली एकाच छटेत, कड धारदार. दुसरी छटा फक्त हनुवटीखाली आणि वेणीमागे. गालावर सावली नाही. केस काळे भासावेत, पण मूळ रंग जांभळट-तपकिरी. बाहेरची रेघ जाड, नाक-ओठ बारीक, पापणी सगळ्यात जाड.’

बस. कपडे, कठडा, मागची खारफुटी चित्रकारावर सोडा. त्याहून लांब लिहिलंत तर तो शेवटचा अर्धा भाग वाचत नाही, आणि त्याचं काही चूक नाही.

रफ आला की रंगीत मागू नका. सगळे रंग पांढरे आणि सावल्या एकाच करड्या रंगात, एवढंच पाठव म्हणून सांगा. नुसत्या त्या करड्या आकारांवरून ऊन कुठून आहे ते सांगता आलं, तर रंगाला हिरवा कंदील द्या. नाही आलं, तर बहुतेक नाकाची सावली एका बाजूला आणि गळ्याची दुसऱ्या बाजूला गेलेली असते. तेवढंच नेमकं दाखवून परत पाठवा.