संधीवरची अज्ञात धारा: बाण आधी, चिन्ह नंतर

एका संधीवर पाच तारा जुळल्या आहेत. दोन तारांतून ३ आणि १.२ अँपिअर धारा आत येते, दोन तारांतून ४ आणि २ अँपिअर बाहेर जाते. पाचव्या तारेतली धारा शोधायची आहे. इथे दिशा ओळखत बसू नका. कोणताही एक बाण काढा, समजा बाहेर जाणारा, आणि किरचॉफचा नियम मांडा: आत येणाऱ्या धारांची बेरीज म्हणजे बाहेर जाणाऱ्या धारांची बेरीज.

३ + १.२ = ४ + २ + I

म्हणून I = −१.८ अँपिअर. ऋण चिन्ह म्हणजे गणित चुकलं असं नाही; खरी धारा बाणाच्या उलट, म्हणजे आत येते. पडताळा: ३ + १.२ + १.८ = ६.

खरी गडबड पुढे होते. आकृतीतला बाण उलटा करतात आणि पुढच्या समीकरणात −१.८ सुद्धा ठेवतात, म्हणजे दिशा दोनदा उलटते. माझं मत, उदाहरण संपेपर्यंत मूळ बाण तसाच ठेवावा, किंमत चिन्हासकट वापरावी आणि खरी दिशा शेवटच्या उत्तरात शब्दांत लिहावी. एखादी धारा मिलिअँपिअरमध्ये दिली असेल, तर बेरजेआधी एकक बदलून घ्या.